एकाच तव्याची दोन उत्तरं

ऑनलाइन बाजारात भांडी विकणाऱ्या एका दुकानाची उत्पादन-पानं मी सांभाळते. बिडाच्या तव्याच्या पानावर एक दिवस प्रश्न आला, "induction var chalel ka?" आणि विक्रेता म्हणून मी काही लिहिण्याआधीच दोन जुन्या गिऱ्हाइकांनी उत्तरं टाकली. एकाने लिहिलं, "हो, मस्त चालतो." दुसऱ्याने लिहिलं, "अजिबात चालत नाही, शेगडी बीप करून बंद होते." वर-खाली अशी दोन उत्तरं दिसली की तिसरा माणूस तवा घेत नाही, तो सरळ पुढच्या पानावर जातो.

अशा वेळी घाईने "हो, चालतो" असं तिसरं उत्तर टाकलं की गोंधळ वाढतो. दोघंही खरं बोलत असतील, असं धरून शोधायला लागावं. बीड म्हणजे लोखंडच, त्याला चुंबक चिकटतं, म्हणजे धातूची अडचण नव्हती. मग ऑर्डरींची यादी उघडली आणि उलगडा झाला. त्या पानावर दोन प्रकार एकत्र जोडलेले होते: 28 सेंमीचा सपाट आणि 26 सेंमीचा खोलगट, भाकरीचा. प्रकार वेगळे असले तरी प्रश्नोत्तरं दोघांची एकाच जागी दिसतात. "हो" म्हणणाऱ्याने सपाट घेतला होता, "नाही" म्हणणाऱ्याने खोलगट.

गोदामातून दोन्ही तवे मागवून गुळगुळीत फरशीवर ठेवले. एक कडक पोस्टकार्ड तव्याखाली चारही बाजूंनी आत सरकवायचं, जिथे अडेल तिथे खडूने खूण करायची. खोलगट तव्याच्या खुणा जोडल्यावर मधोमध जेमतेम 11 सेंमीचा गोल उरला. तेवढंच बूड टेकत होतं. कडेला फरशी आणि तवा यांत 9 मिमी फट. सपाट तवा मात्र 22 सेंमीपर्यंत टेकत होता. बऱ्याच इंडक्शन शेगड्यांच्या माहितीपुस्तिकेत भांड्याचं बूड किमान 12 सेंमी हवं असं लिहिलेलं असतं. त्याहून लहान असेल तर शेगडी भांडं ओळखतच नाही. ओळखलं तरी चुंबकीय क्षेत्राचा जोर अंतराबरोबर झपाट्याने उतरतो, त्यामुळे मध्यभाग तापतो आणि कडेला भाकरी कच्ची राहते.

मग हे उत्तर टाकलं:

"या पानावर दोन तवे आहेत. 28 सेंमी सपाट: इंडक्शन आणि गॅस, दोन्हींवर चालतो. 26 सेंमी खोलगट: गॅससाठीच घ्या. त्याचं बूड मध्ये फक्त 11 सेंमी टेकतं, त्यामुळे बऱ्याच इंडक्शन शेगड्या तो ओळखत नाहीत. भाकरी गॅसवर करणार असाल तर खोलगट उत्तम."

सुरुवातीलाच प्रकाराचं नाव आणि माप, कारण वाचणारा पहिल्या ओळीत आपला तवा शोधतो. नकार स्पष्ट, पण त्याच दमात पर्याय. "खोलगट चालणार नाही" एवढ्यावर थांबलो असतो तर विचारणाऱ्याचं समाधान झालं असतं, खरेदी झाली नसती. आणि "बहुतेक चालेल" लिहिलं असतं तर खरेदी होऊन तवा परत आला असता. दोन किलोची वस्तू परत येते तेव्हा वाहतुकीतच नफा जातो. उत्तरात फोन नंबर किंवा बाहेरची लिंक टाकायची नाही, ते काढून टाकलं जातं आणि गिऱ्हाईक पुन्हा अंधारात.

जुनी दोन उत्तरं आम्ही काढू शकत नव्हतो, म्हणून खोलगट तव्याच्या फोटोंमध्ये पोस्टकार्ड आत सरकवलेला फोटो जोडला आणि त्यावर "फक्त गॅससाठी" लिहिलं. उत्तर न वाचणारे लोक फोटो मात्र चाळतात.

संध्याकाळी त्याच विचारणाऱ्याचा पुढचा प्रश्न आला: शेगडीची गोल खूण 20 सेंमी आहे, 28 चा तवा बाहेर गेला तर? असा प्रश्न आला की समजायचं, माणूस घ्यायचं ठरवून बसलाय, फक्त एक काटा उरलाय. उत्तर असं दिलं: "बाहेर गेलेली कड थेट तापत नाही, मधली उष्णता हळूहळू तिथे पोचते. म्हणून आधी सहा मिनिटं मंद आंचेवर तापवा, मग वाढवा. एकदम पूर्ण आंच दिली तर मध्यभाग जास्त तापतो आणि बीड तडकू शकतं. घावन, डोसा आरामात होतो. 24 सेंमीपेक्षा मोठं काही करणार असाल तर कड फिक्की राहील." मर्यादा सांगितल्यावर माणूस बिचकेल असं दुकानदारांना वाटतं. त्याने रात्री सपाट तवा मागवला.