नाणं आधीच का सुटलं?

अकरावीच्या प्रात्यक्षिकाला मी लाकडी तबकडी स्टेपर मोटरवर बसवली होती. मध्यापासून २० सेंटिमीटरवर पाच रुपयांचं नाणं, भोवती खडूची भुकटी. तबकडी नुसती तिरपी केली की नाणं साधारण १७ अंशांवर घसरायचं. म्हणजे घर्षण त्याला जास्तीत जास्त ३ मी/से² त्वरण देऊ शकत होतं.

मुलांनी गणित मांडलं: v²/r = ३, म्हणून नाणं ०.७७ मी/से वेगाला सुटेल, मिनिटाला ३७ फेऱ्यांच्या आसपास. वेग हळूहळू वाढवला तेव्हा जवळपास तसंच झालं. मग मी मोटर झटक्यात सोडली आणि पाव फेरीच्या आतच नाणं घसरलं. मागच्या बाकावरची मुलगी मोबाइलवर स्लो मोशन चित्रण करत होती. ती म्हणाली, "सर, वेग तर ०.६ च आहे!"

दोघातिघांनी लगेच घर्षणावर खापर फोडलं. ते सोपं असतं. मी फळ्यावर वर्तुळ काढलं आणि नाण्यापाशी दोन बाण दाखवले. एक केंद्राकडे, v²/r. तो दिशा वळवतो. दुसरा स्पर्शिकेवर, तो वेग वाढवतो. दोन्हींचा खर्च घर्षणाच्या एकाच खिशातून. मोटरला कोनीय त्वरण १२ रेडियन/से² दिलं होतं, म्हणजे स्पर्शिकेवर २.४. एकूण मर्यादा ३, आणि बाण काटकोनात, म्हणून केंद्राकडे उरले √(९ − ५.७६) = १.८. त्यावरून वेग येतो बरोबर ०.६.

भुकटीतला ओरखडाही तेच सांगत होता. हळू फिरवताना तो जवळजवळ सरळ बाहेर गेला होता, झटक्यात सोडल्यावर बाहेर आणि बराचसा मागे. फक्त त्याची सुरुवात बघायची. नाणं सरकायला लागलं की फिरत्या तबकडीवर रेघ वाकतेच.

मला या गणितातली सगळ्यात आवडती गोष्ट पुस्तकात सहसा दिसत नाही. स्थिर कोनीय त्वरणाने शून्यापासून सुरुवात केली, तर v²/r भागिले स्पर्शिकेवरचं त्वरण हे गुणोत्तर, फिरलेला कोन रेडियनमध्ये घेतला, तर त्याच्या दुप्पट येतं. त्रिज्या कितीही असो. आमच्या नाण्यासाठी १.८ भागिले २.४, म्हणजे ०.७५, म्हणून कोन ०.३७५ रेडियन, जेमतेम २१ अंश. चित्रणात वेग मोजायची कटकटच नको, कोनमापक पुरतो.

मग तीच मुलगी म्हणाली, "नाणं १० सेंटिमीटरवर ठेवलं तर?" आता स्पर्शिकेवर फक्त १.२, केंद्राकडे २.७५ उरतात, कोन ६६ अंश. प्रत्यक्षात ते साठीच्या अलीकडे-पलीकडे सुटलं. स्टेपर मोटर अखंड फिरत नाही, बारीक धक्क्यांनी पुढे सरकते, आणि मर्यादेजवळ आलेल्या नाण्याला तेवढा धक्का पुरतो. पुढच्या वेळी तबकडीखाली रबर घालून बघायचं ठरलं.