ओव्हरटाइम व्हॉल्व्हवर, प्रीमियम पंपावर

सीए इंटरच्या कॉस्टिंगच्या सराव परीक्षेनंतरच्या शंकांच्या तासाला मुलं सहसा आपलं काय चुकलं ते विचारायला येतात. त्या दिवशी ओंकार उत्तरसूचीच घेऊन आला. पेपर आमच्या क्लासने बाहेरून विकत घेतला होता आणि मजुरीवरच्या एका बहुपर्यायी प्रश्नाचं छापील उत्तर त्याला पटत नव्हतं. बाकी जवळजवळ सगळ्या वर्गाचं उत्तर सूचीशी जुळत होतं, त्यामुळे सुरुवातीला सगळे त्याच्यावरच तुटून पडले.

प्रश्न असा होता. एका कामगाराचा दर ताशी 100 रुपये. आठवड्याचे नेहमीचे 48 तास आणि वर 6 तास ओव्हरटाइम, दुप्पट दराने. जॉब कार्डांप्रमाणे पंपाच्या जॉबवर 30 तास आणि व्हॉल्व्हच्या जॉबवर 17 तास गेले. हत्यारं लावणं, चहा वगैरे नेहमीच्या कारणांनी 3 तास रिकामे गेले, आणि अचानक वीज गेल्यामुळे 4 तास. नेहमीचा रिकामा वेळ कुठल्या एका जॉबवर न टाकता ओव्हरहेडमध्ये, म्हणजे कारखान्याच्या सामाईक खर्चात घ्यायचा, हे प्रश्नातच सांगितलं होतं. ओव्हरटाइमचे सहाही तास व्हॉल्व्हवर झाले. त्यातले 4 तास वीज गेल्याने बुडालेलं काम भरून काढायला लागले, आणि 2 तास पंपाच्या गिऱ्हाइकाने माल लवकर मागितल्यामुळे. व्हॉल्व्हच्या जॉबची प्रत्यक्ष मजुरी किती?

सूचीत 2,300 रुपये होतं. 17 तासांचे 1,700 आणि त्यावर 6 तासांचा जादा दर 600. ओंकारचं उत्तर होतं 1,700.

त्याचे वडील कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत टर्नर आहेत, त्यामुळे ओव्हरटाइम हा शब्द त्याला पुस्तकाच्या आधी घरात भेटलाय. तो म्हणाला, "मॅडम, व्हॉल्व्हवाल्यानं घाई केलीच नव्हती. पंप पुढं काढला म्हणून व्हॉल्व्ह संध्याकाळवर गेला. मग त्याचा भुर्दंड व्हॉल्व्हवर का?"

ओंकारचंच उत्तर बरोबर होतं आणि त्याने दिलेलं कारणही. ओव्हरटाइमच्या वेळेत मशिनवर कोणता जॉब होता, हे वेळापत्रकाने ठरतं. प्रीमियम कुठे टाकायचा, हे मात्र ओव्हरटाइम कशामुळे करावा लागला यावरून ठरतं. मी फळ्यावर आधी मूळ मजुरी आणि प्रीमियम वेगळे केले. दुप्पट दर, म्हणजे 1948 च्या कारखाने कायद्यातल्या कलम 59 पासून चालत आलेला नियम, याचा अर्थ ओव्हरटाइमच्या प्रत्येक तासाला 200 रुपये. त्यातले 100 त्या तासाच्या कामाचे, म्हणून ते व्हॉल्व्हचेच. वरचे 100 म्हणजे प्रीमियम. कारण शोधायचं ते फक्त या वरच्या शंभराचं.

पंपाच्या गिऱ्हाइकाच्या घाईमुळे 2 तास लागले, म्हणून 200 रुपये पंपाच्या जॉबवर. उरलेल्या 4 तासांचं मूळ वीज जाण्यात आहे. त्या वेळी बुडालेल्या तासांचे 400 रुपये आपण असाधारण म्हणून कॉस्टिंग नफा-तोटा खात्यात टाकतो. मग तेच तास भरून काढायला द्यावा लागलेला 400 रुपयांचा प्रीमियमही तिथेच जायला हवा, कारण तो त्याच घटनेचा खर्च आहे. या ठिकाणी बरीच मुलं अडतात. रिकामा वेळ ते बरोबर बाजूला काढतात, पण त्याने जन्माला घातलेला ओव्हरटाइम उत्पादनावर सोडून देतात.

म्हणजे पंप 3,200, व्हॉल्व्ह 1,700, ओव्हरहेड 300, कॉस्टिंग नफा-तोटा 800. एकूण 6,000, आणि कामगाराला दिलेले पैसेही तेवढेच.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पण मॅडम, सूचीप्रमाणेही 6,000च येतात." तिने करून पाहिलं होतं: 3,000, 2,300, 300, 400. तिची हरकत मला फार महत्त्वाची वाटली. बेरीज जुळली की मुलं निश्चिंत होतात. पण बेरजेवरून एवढंच कळतं की कुठला रुपया गळला नाही. तो भलत्या जॉबवर बसलाय का, हे बेरीज सांगू शकत नाही. त्यासाठी प्रश्नातलं कारणाचं वाक्य पुन्हा वाचण्याशिवाय मार्ग नाही.

मग वीज जाण्यावरच चर्चा निघाली. एकजण म्हणाला, आमच्या गावात वीज रोजच जाते, ते असाधारण कसं? हेही खरं आहे. लोडशेडिंगचं वेळापत्रक आधीच ठाऊक असेल आणि कारखाना ते धरूनच काम आखत असेल, तर तो वेळ नेहमीचा रिकामा वेळ होतो. मग त्याचा खर्च ओव्हरहेडमध्ये किंवा फुगवलेल्या मजुरी दरातून उत्पादनावरच बसतो. आपल्या प्रश्नात 'अचानक' हा एक शब्द होता आणि त्यावर 800 रुपये कुठे जाणार हे ठरत होतं. 'वीज गेली' एवढं वाचून असाधारण हा पर्याय निवडणं धोक्याचं आहे.

आणि ओव्हरटाइमचं कारण दिलेलंच नसेल तर? कामाचा सर्वसाधारण ताण किंवा हंगामाची गर्दी एवढंच म्हटलं असेल, तर प्रीमियम फॅक्टरी ओव्हरहेडमध्ये. कारण अजिबात नसेल तरी मी मुलांना तेच गृहीत धरायला सांगते, कारण कोणा एका गिऱ्हाइकाकडे बोट दाखवायला आपल्याकडे पुरावा नसतो. सीए इंटरच्या पेपरात 2024 पासून 30 गुण बहुपर्यायी प्रश्नांना आहेत आणि तिथे टीप लिहून आपलं गृहीतक सांगायची सोय नाही. म्हणून हे आधीच पक्कं असावं लागतं.

त्याच पेपरात लेबर टर्नओव्हरचा, म्हणजे कामगार सोडून जाण्याचा आणि नवे येण्याचा, प्रश्न होता. त्याची सूची बरोबर होती, पण वर्ग पांगला होता. विक्री 60 लाख, पी/व्ही रेशो, म्हणजे विक्रीतून बदलता खर्च गेल्यावर उरणारा हिस्सा, 20 टक्के, कामाचे तास 1,02,000. त्यात नव्या कामगारांच्या प्रशिक्षणाचे 4,000 तास, त्यातले निम्मे अनुत्पादक. शिवाय कर्मचारी विभागाने जागा वेळेत न भरल्यामुळे 8,000 उत्पादक तास बुडाले. सोडून गेलेल्यांचे हिशेब चुकते करणं, भरती आणि प्रशिक्षण यांचा खर्च मिळून 77,000. गमावलेला नफा किती?

60 लाखांची विक्री 1,00,000 उत्पादक तासांनी मिळवली, म्हणजे तासाला 60 रुपये. बुडालेले तास 8,000 अधिक 2,000. गेलेली विक्री 6 लाख, पण तेवढा नफा गेला नाही, कारण न झालेल्या विक्रीचा बदलता खर्चही झाला नाही. गेलं ते 20 टक्के कॉन्ट्रिब्युशन, 1,20,000. त्यात 77,000 मिळवले की 1,97,000. जे प्रशिक्षणातले 2,000 तास धरायला विसरले, त्यांचं उत्तर 1,73,000 आलं. तोही पर्याय छापलेला होताच.

ओंकारने शेवटी विचारलं, हे 1,97,000 कुठल्या खात्यात टाकायचे? कॉन्ट्रिब्युशनचे 1,20,000 कुठेच नाही. ते कोणाला दिलेले पैसे नव्हेत, मिळाले असते ते पैसे आहेत, म्हणून त्यांची नोंद होत नाही. नोंद होते ती 77,000ची, आणि तिथे पुन्हा कारण विचारायचं. एखाद्या विभागाच्या वागणुकीमुळे माणसं सोडून गेली असतील तर खर्च त्या विभागावर. व्यवस्थापनाच्या धोरणामुळे गेली असतील तर सगळ्या विभागांत वाटून. प्रश्नात 'गमावलेला नफा' विचारलाय की 'खात्यात घ्यायचा खर्च', हे पाहूनच 1,97,000 आणि 77,000 यांतला पर्याय निवडायचा.