आई-बाबांची अमेरिकेची पॉलिसी: आधीच्या आजाराचा रकाना भरताना

दादा डॅलसला असतो. आई-बाबा लातूरहून त्याच्याकडं सहा महिन्यांसाठी जाणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवासातल्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीचं काम माझ्याकडं आलं. आई 62 वर्षांची, कसलीही गोळी नाही. बाबा 69 वर्षांचे, त्यांना बीपी आणि शुगर. आईचं काम एका संध्याकाळी झालं, बाबांच्या पॉलिसीला तीन आठवडे लागले. ते का लागले, तेवढंच इथं लिहितो.

पहिल्या एजंटनं फॉर्मवर आजारापुढं 'नाही' लिहायला सांगितलं. 'विसा अमेरिकेचा, तिथं पॉलिसी कोणी बघत नाही,' असं त्याचं म्हणणं. एका अर्थी खरं आहे. युरोपच्या शेंगेन विसासाठी 30,000 युरोचं कव्हर लागतं तशी अट अमेरिकेच्या व्हिजिटर विसाला नाही. पण हा कागद विसासाठी नसतोच, क्लेमच्या दिवशी तो उघडला जातो.

तेव्हा होतं ते असं. इमर्जन्सीत नर्स पहिल्यांदा विचारते, बीपी किती वर्षांपासून? बाबांना मी घरीच विचारून बघितलं तर म्हणाले, "लातूरला रेल्वेनं पाणी आलतं ना, त्या साली गोळी सुरू झाली." म्हणजे 2016. फाइलमधली सगळ्यात जुनी चिठ्ठी मात्र 2022 ची, आणि दुसऱ्या एजंटनं तीच बघून '3 वर्षे' लिहिलं होतं. नर्स जे ऐकेल ते हॉस्पिटलच्या नोंदीत जातं, कंपनी ती नोंद मागवते आणि फॉर्मशी ताडून बघते. आजार लपवला म्हणून क्लेम नाकारायला एवढी तफावत पुरते. म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर एक पान इंग्रजीत लिहून घेतलं: बीपी 2016 पासून, शुगर 2019 पासून, गोळ्यांची नावं आणि डोस, शेवटचा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा. गोळ्यांची कंपनीची नावं तिथल्या डॉक्टरला कळत नाहीत, त्यामुळं टेल्मिसार्टन 40, मेटफॉर्मिन 500 अशी मूळ नावं लिहिली. फॉर्म याच पानावरून भरला.

मग प्रश्न कव्हरचा. भारतीय कंपनीची जी पॉलिसी समोर होती तिच्यावर ठळक आकडा 1 लाख डॉलर. आत, अपवादांच्या पानावर, आधीच्या आजारासाठी वेगळी ओळ होती: फक्त जीवावर बेतलं तर, आणि तेही 10 हजार डॉलरपर्यंत. हा आकडा प्रत्येक प्लॅनमध्ये वेगळा असतो, काहींत तो शून्यही असतो. त्या ओळीत 'स्टॅबिलाइज' हा शब्द होता. रुग्ण स्थिर झाला असं डॉक्टरनं लिहिलं की कंपनीची जबाबदारी तिथं थांबते. पुढची तपासणी, फेरभेट, गोळ्या, भारतात येऊन करता येईल असं ऑपरेशन, यातलं काही त्यात येत नाही.

हिशेब मांडून बघा. समजा बाबांच्या छातीत दुखलं, तीन दिवस ॲडमिट, एकूण बिल 42 हजार डॉलर. कंपनीनं ते बीपीशी जोडलं तर मर्यादा 10 हजार. आमच्या प्लॅनमध्ये 100 डॉलरचं डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः भरायचा हिस्सा, त्यातूनच वजा, म्हणजे मिळणार 9,900. उरलेले 32,100 दादाच्या माथी. ठळक लाखाचा इथं काही उपयोग नाही. आणि जोडणं अवघड नसतं. शुगरवाल्याचं किडनीचं इन्फेक्शन, बीपीवाल्याचा झटका, दोन्ही आधीच्या आजाराच्या खात्यात जाऊ शकतात. बिलावर प्रत्येक आजाराचा ठरलेला कोड असतो, ते आयसीडी-10 कोड बघावेत: I10 म्हणजे बीपी, E11 ने सुरू होणारे टाइप 2 डायबेटिसचे, R07.9 म्हणजे कारण न कळलेलं छातीतलं दुखणं. मुख्य निदानाच्या जागी यातलं काय आहे, यावर बरंच ठरतं.

दुसरा पर्याय अमेरिकेतल्या व्हिजिटर प्लॅनचा. त्यात 'अक्यूट ऑनसेट' नावाची सोय असते. आधीचा आजार अचानक, कसलीही पूर्वसूचना नसताना उसळला आणि 24 तासांच्या आत उपचार घेतले, तर कव्हर. चार दिवस छाती जड वाटत होती आणि पाचव्या दिवशी गेलो, असं सांगितलं की 'अचानक' हा शब्दच गळून पडतो. आपली माणसं अशीच थांबतात, 'बघू उद्या' म्हणत. हळूहळू वाढणारं दुखणं यात कधीच बसत नाही. आईच्या मनात गुडघा तिकडं दाखवायचा होता, तो विषय तिथंच संपला.

या प्लॅनमध्ये वयाची पायरीही असते. आम्ही बघितलेल्यात 69 पर्यंत अक्यूट ऑनसेटची मर्यादा मोठी, 70 पासून एकदम खाली. बाबा मुक्कामातच 70 पूर्ण करणार होते. वय पॉलिसी सुरू होण्याच्या दिवसाचं धरणार की घटनेच्या दिवसाचं, हे ईमेलवर विचारलं. उत्तर आलं, सुरू होण्याच्या दिवसाचं. तो ईमेल छापून ठेवला. फोनवर मिळालेल्या उत्तराला क्लेमच्या वेळी कोणी विचारत नाही.

शेवटी बाबांचा प्लॅन तिथला घेतला, आईचा भारतीय 1 लाख डॉलरचा. दोघांना एकच पॉलिसी हवी असं काही नसतं. तिथला प्लॅन घेण्याची मात्र एक किंमत आहे. भारतीय कंपनीनं क्लेम नाकारला आणि तक्रारीला 30 दिवसांत नीट उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडं जाता येतं. लोकपाल 50 लाखांपर्यंतचे वाद ऐकतो आणि आम्हा लातूरकरांना पुण्याचं कार्यालय पडतं. तिथल्या प्लॅनसाठी ही वाट बंद.

इमर्जन्सीचा क्रम बाबांच्या पाकिटात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला. आधी 911. विमा आहे का, किती आहे, याची चर्चा ॲम्ब्युलन्स येईपर्यंत नको. बहुतेक हॉस्पिटलांच्या इमर्जन्सीला 1986 च्या कायद्यानं, पैसे असोत नसोत, तपासून रुग्ण स्थिर करावाच लागतो. मग दादानं पहिल्या 24 तासांत कार्डावरच्या मदत क्रमांकावर फोन करून केस नंबर लिहून घ्यायचा. उशीर झाला तर कॅशलेस बोलणंच होत नाही. साधा ताप, खोकला असेल तर इमर्जन्सीत न जाता अर्जंट केअरला, म्हणजे किरकोळ दुखण्यांसाठीच्या क्लिनिकला जायचं, बिलात फार फरक पडतो.

बिलं एकत्र येत नाहीत, हेही दादाला सांगून ठेवलं. हॉस्पिटलचं वेगळं, इमर्जन्सीच्या डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं, ॲम्ब्युलन्सचं वेगळं, आणि काही दोन-दोन महिन्यांनी टपालानं. प्रत्येकाकडून कोडसह तपशीलवार बिल मागायचं. नुसत्या एकूण रकमेच्या कागदावर क्लेम अडकतो.

राहिली मुदत. तीन महिन्यांची घेऊ, लागली तर वाढवू, असं दादा म्हणत होता. पण आमच्या प्लॅनमध्ये मुदत संपल्यावर घेतलेली पॉलिसी नवी धरली जाते, आणि पहिल्या तीन महिन्यांत जे काही निघालं ते नवीत 'आधीचा आजार' ठरतं. म्हणून बाबांची पॉलिसी सगळ्या मुक्कामाची एकदमच घेतली. सुरुवातीची तारीख डॅलसला उतरायच्या दिवसाची नाही, हैदराबादहून विमान सुटायच्या दिवसाची टाकली आणि शेवट परतीच्या तिकिटाच्या आठ दिवस पुढं नेला.