दादासाठी योगाची भेट निवडताना

दादाने घरच्या घरी योगासनं आणि ध्यान सुरू करायचं ठरवलं, तेव्हा वाढदिवसाला त्यातलंच काही द्यावं असं मनात आलं. दादा सहा फुटी, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा, त्यामुळे खुबे पार आखडलेले. भेट निवडताना या दोन गोष्टींचाच विचार केला.

आधी मॅट. सर्रास मिळणारी मॅट १७३ सेंटिमीटरच्या आसपास असते. तिच्यावर शवासन केलं तर दादाचं डोकं तरी फरशीवर, नाहीतर टाचा तरी. म्हणून दोन मीटरची शोधली. जाडी ५ मिलिमीटर. १० ते १५ मिलिमीटरची गुबगुबीत मॅट झोपून करायच्या व्यायामाला ठीक, पण वृक्षासनात पाऊल तिच्यात रुततं आणि घोटा डगमगत राहतो. गुडघा टोचलाच तर खाली टॉवेलची घडी घालता येते. नैसर्गिक रबराची पकड चांगली असते, पण वहिनीला लेटेक्सची ॲलर्जी आहे, म्हणून टीपीई या लेटेक्स नसलेल्या, रबरासारख्या कृत्रिम पदार्थाची घेतली.

खरा वेळ गेला तो आसनाच्या उशीत. दादाला फरशीवर मांडी घालून बसवलं, तर गुडघे कमरेच्या वर! असं झालं की ओटीपोट मागे कलंडतं, पाठीला पोक येतो, आणि थोड्या वेळाने लक्ष श्वासाऐवजी दुखणाऱ्या कमरेवर जातं. मग त्याच्या बैठकीखाली चादरींच्या घड्या एकेक करून वाढवत गेले. गुडघे खुब्यांच्या खाली उतरले आणि पाठ आपसूक ताठ झाली, तिथे थांबले. दादा वैतागून म्हणाला, "अगं, भेट देतेयस की कपडे शिवायला माप घेतेयस?" दाबलेल्या घड्यांची उंची १४ सेंटिमीटर भरली. तेवढ्याच उंचीची, बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या टरफलांनी भरलेली उशी घेतली. तिला चेन असते, त्यामुळे उंच वाटली तर थोडी टरफलं काढता येतात. नुसत्या मऊ कापसाची उशी बसल्यावर दबते आणि घेतलेलं माप फुकट जातं.

पुस्तक निवडताना एकच आसन उघडून बघायचे, पश्चिमोत्तानासन. फोटोतला माणूस कपाळ गुडघ्याला टेकवून बसलाय आणि हात पोचत नसतील तर काय करायचं याचा पत्ताच नाही, असं पुस्तक परत ठेवलं. घेतलं त्यात पायाला पट्टा अडकवून करायची पद्धत आहे, आसनातून बाहेर कसं यायचं ते आहे, आणि पाठीचं दुखणं असलेल्यांनी काय टाळावं तेही आहे.

मेंदूच्या लहरी मोजणारा हेडबँडही पाहिला. ध्यानाला बसायचं आणि मधेमधे आपले गुण किती झाले ते मोबाइलवर बघायचं, हे काही पटलं नाही. त्याऐवजी २.४ मीटरचा, कडीवाला सुती पट्टा घेतला. साधा फोमचा ठोकळाही सोबत टाकला. त्रिकोणासनात हात जमिनीला पोचत नाही तोवर तो लागतोच.