घड्याळ बरोबर, रेकॉर्डिंग मात्र अर्धा तास आधी

रात्री नऊच्या बातम्या रेकॉर्डिंगला लावल्या की पेन ड्राइव्हमध्ये साडेआठची अर्ध्या तासाची मालिका यायची आणि पाठोपाठ बातम्यांचा फक्त पहिला अर्धा तास. रिमाइंडरचंही तेच. साडेआठला पडद्यावर ‘बातम्या सुरू होत आहेत’ अशी चौकट यायची, ओके दाबून चॅनल लावलं तर तिथे मालिका चाललेली. आणि या सगळ्यात टीव्हीचं घड्याळ मोबाइलशी मिनिटाला मिनिट जुळत होतं. त्यामुळे संशय घड्याळावर जाईना. आधी पेन ड्राइव्ह बदलून झाला, मग चॅनल पुन्हा शोधून झाले. कशानेही फरक पडला नाही.

टीव्ही माझ्या मावसभावाने वापरून मला दिलेला. अँड्रॉइड टीव्ही, आतच ट्यूनर असलेला. हे आधीच सांगतो, कारण ज्यांचे चॅनल सेट टॉप बॉक्समधून एचडीएमआय केबलने येतात, त्यांचं रेकॉर्डिंग आणि रिमाइंडर बॉक्समध्ये असतात. टीव्हीची वेळ कितीही नीट केली तरी त्यांना उपयोग नाही, त्यांनी बॉक्सच्या सेटिंगमध्ये शिरायचं.

मला धागा सापडला तो वेगळ्याच ठिकाणी. सकाळी सातचा एक कार्यक्रम मी गाइडमधून, म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकातून न लावता हाताने लावला होता: चॅनल निवडायचं, सुरू होण्याची वेळ ७:००, संपण्याची ७:३०. ते रेकॉर्डिंग रोज अचूक व्हायचं. गाइडमध्ये कार्यक्रमावर जाऊन लावलेलं तेवढं चुकायचं. म्हणजे टायमर चालू होता, पेन ड्राइव्ह ठीक होता, घड्याळही वरवर ठीक होतं. चूक होती ती गाइडमधून येणाऱ्या वेळेत.

मग गाइड नीट बघितलं. नऊच्या बातम्या तिथे ८:३० ला मांडलेल्या होत्या, साडेआठची मालिका ८:०० ला. एखादं चॅनल नाही, सगळीच्या सगळी चॅनल बरोबर अर्ध्या तासाने मागे. एखाद्या चॅनलने वेळापत्रक चुकीचं पाठवलं तर तेवढंच चॅनल चुकेल. सगळी चॅनल सारख्याच अंतराने चुकतात, तेव्हा गडबड टीव्हीत असते. शिवाय अंतर किती आहे हेही बोलकं असतं. दोन-चार मिनिटांचा फरक असेल तर हाताने लावलेलं घड्याळ हळूहळू सरकलेलं असतं, किंवा कार्यक्रमच उशिरा सुरू होत असतो. फरक बरोबर अर्धा तास, एक तास किंवा साडेपाच तास असेल तर तो टाइम झोनचाच.

चॅनल कार्यक्रमाची वेळ स्थानिक वेळेत पाठवत नाही, हे इथे लक्षात घ्यावं लागतं. डिजिटल प्रसारणात, निदान डीव्हीबी पद्धतीत, गाइडमधल्या सुरू होण्याच्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. रात्रीचे नऊ त्या प्रवाहात १५:३० म्हणून येतात. त्यात स्वतःच्या झोनचे साडेपाच तास मिळवून ९:०० दाखवायचं काम टीव्हीचं. टीव्हीच्या पोटात चालणारं घड्याळही यूटीसीचंच असतं, पडद्यावर दिसतं ते झोन मिळवून केलेलं त्याचं रूप.

सेटिंगमध्ये Date & time उघडलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. Automatic date & time बंद, आणि Set time zone मध्ये GMT+05:00. भारतीय प्रमाणवेळ GMT+05:30 आहे, म्हणजे निवड यादीत शेजारच्या झोनवर पडली होती.

मावसभावाला फोन केला. तो म्हणाला, “अरे दादा, नवीन होता तेव्हा घड्याळ अर्धा तास मागे दाखवायचं. मी ऑटोमॅटिक बंद करून अर्धा तास पुढे केलं. त्यानंतर कधी त्रास नाही झाला.”

त्याला त्रास होणारच नव्हता, तो रेकॉर्डिंग करतच नव्हता. पण झालं होतं ते असं. झोन +५:०० असताना ऑटोमॅटिक घड्याळ रात्री नऊला ८:३० दाखवत होतं. पोटातलं यूटीसी तेव्हा अगदी बरोबर होतं, चुकत होती ती फक्त बेरीज. हाताने पडद्यावरचे ८:३० चे ९:०० केले की टीव्ही झोनला हात लावत नाही, पोटातलं घड्याळच अर्धा तास पुढे ढकलतो. पडद्यावर दिसायला सगळं ठीक, आत मात्र यूटीसी १५:३० च्या जागी १६:००. आता बातम्यांचा टायमर १५:३० ची वाट बघतोय. पुढे पळणाऱ्या त्या घड्याळात १५:३० वाजतात तेव्हा भिंतीवर साडेआठच वाजलेले असतात. हाताने लावलेल्या सातच्या टायमरमध्ये मात्र दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात: सातचं यूटीसी काढताना झोन चुकीचा, आणि ज्या घड्याळाशी ताडायचं तेही तितकंच चुकीचं. म्हणून तो टायमर अचूक.

दुरुस्ती तशी किरकोळ, पण करताना मध्येच घाबरायला होतं. मी आधी Set time zone मध्ये जाऊन GMT+05:30 ची ओळ निवडली. त्याबरोबर घड्याळ अर्धा तास पुढे उडालं, नऊ वाजता साडेनऊ. घरातून लगेच आवाज आला, “अहो, होतं ते पण बिघडवलंत!” बिघडलं नव्हतं. ढकललेलं यूटीसी अजून तसंच होतं आणि त्यात आता झोन बरोबर मिळवला जात होता, म्हणून चूक पहिल्यांदाच डोळ्यांना दिसली. या जागी घड्याळ पुन्हा हाताने मागे घ्यायचा मोह आवरायचा. मी Automatic date & time चालू केलं. इंटरनेट जोडलेलं होतं, थोड्या वेळात घड्याळ ९:०२ वर आलं आणि गाइडमधल्या बातम्या ९:०० वर सरकल्या.

सांगायचं इतकंच की क्रम झोन, मग ऑटोमॅटिक. हाताने वेळ लावायची ती इंटरनेटही नाही आणि चॅनलवरूनही वेळ मिळत नाही अशा वेळीच, आणि तीही झोन बरोबर आहे याची खात्री करून.

झोनच्या यादीत शहराचं किंवा प्रदेशाचं नाव आणि नुसता तासांचा आकडा असे दोन्ही पर्याय असतील, तर नाव निवडावं. जिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे नेतात तिथे नावाबरोबर तो नियमही येतो, नुसत्या आकड्याबरोबर येत नाही. अर्थात तो नियम टीव्हीच्या सॉफ्टवेअरमध्ये साठवलेला असतो. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागातली उन्हाळी वेळ बंद केली, कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून देशभर एकच +५ वेळ लागू केली. अपडेट न मिळालेला जुना टीव्ही अशा ठिकाणी योग्य शहर निवडूनही तासभर चुकू शकतो, आणि तिथे नाइलाजाने आकडाच निवडावा लागतो.

ऑटोमॅटिक म्हणजे वेळ नेमकी कुठून, हाही प्रश्न आहेच. काही टीव्ही ती इंटरनेटवरून घेतात, काही चालू चॅनलच्या प्रवाहातून. चॅनलबरोबर दर अर्ध्या मिनिटाच्या आत एकदा तरी यूटीसी वेळ पाठवावी असा डीव्हीबीचा नियम आहे, पण ती पाठवणाऱ्या यंत्राचंच घड्याळ चुकलेलं असू शकतं. ओळखायची खूण सोपी आहे: चॅनल बदलल्यावर टीव्हीचं घड्याळही काही मिनिटं मागेपुढे होतं. तसं दिसलं आणि सेटिंगमध्ये पर्याय असला तर इंटरनेटची वेळ निवडावी.

आता जुन्या टायमरांचं. यादी उघडली तर गाइडमधून लावलेले सगळे आपोआप अर्धा तास पुढे सरकून योग्य वेळेवर आले होते. सकाळचा हाताने लावलेला मात्र ७:३० दाखवायला लागला. इतके दिवस बरोबर चाललेला तो एकटाच आता चुकीचा! टीव्हीने त्याचीही वेळ यूटीसीतच साठवली होती आणि तिला आता नवा झोन लागला. तो पुसून पुन्हा ७:०० ला लावला. दुसऱ्या टीव्हीत साठवण्याची पद्धत वेगळी असू शकते, म्हणून झोन बदलल्यावर यादीतली प्रत्येक ओळ एकदा वाचावी, शंका आली तर पुसून नव्याने लावावी.

तपासणीसाठी बातम्याच बऱ्या, त्या ठोक्याला सुरू होतात. आधी जवळच्या एका कार्यक्रमाचा रिमाइंडर लावून तो वेळेवर येतो का बघितलं. मग दहाच्या बातम्यांचं रेकॉर्डिंग गाइडमधून लावलं आणि टीव्ही रिमोटने बंद केला. भिंतीवरचं बटण चालूच ठेवलं. स्टँडबायमध्ये लाल दिवा लागलेला असतो तोवरच टायमर टीव्हीला जागा करू शकतो. मेन बंद केला तर रेकॉर्डिंग होत नाहीच, शिवाय माझ्या टीव्हीसारख्या संचात घड्याळही पुसलं जातं, आणि चालू केल्यावर नेटवरून वेळ मिळेपर्यंत तारीख १९७० ची दिसते. तेवढ्या वेळात ॲप उघडलं तर जोडणी सुरक्षित नसल्याचा संदेश येतो, कारण सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत त्या तारखेला सुरूच झालेली नसते.

दहाचं रेकॉर्डिंग लावून बघितलं तर बातम्यांची सुरुवातीची धून पहिल्या काही सेकंदांतच ऐकू आली.

एवढं करूनही खेळांचे सामने शेवटी कापले जातात, पण त्यात घड्याळाचा दोष नाही, सामना लांबतो. त्यासाठी रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये सुरुवातीला दोन मिनिटं आणि शेवटी पंधरा मिनिटं जादा ठेवली आहेत. मात्र ट्यूनर एकच असल्यामुळे लगेच दुसऱ्या चॅनलवर रेकॉर्डिंग लावलेलं असलं की ही पंधरा मिनिटं त्याच्यावर चढतात आणि टीव्ही दोन्हींपैकी एक रद्द करा म्हणून विचारतो. अशा दिवशी मी शेवटची जादा मिनिटं शून्य करतो, आणि सामना अटीतटीचा वाटला तर पुढचं रेकॉर्डिंग सोडून देतो.