मानेतल्या दोन गोलांपायी अडलेली सही

आमच्याकडे सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी, एकट्यानं टाकायची परवानगी मिळवायला एक कागद असतो. मानेतल्या इंटर्नल जुग्युलर व्हेनमधून पाच आणि कॉलरबोनखालच्या सबक्लेव्हियनमधून पाच लाइन वरिष्ठांसमोर टाकायच्या, प्रत्येकीपुढे सही घ्यायची. माझ्या नऊ सह्या भराभर झाल्या, त्यांत सांगण्यासारखं काही नाही. दहावीनं मला तीन आठवडे बसवून ठेवलं, आणि त्याचा राग आजही पुरता गेलेला नाही.

ती मानेतली पाचवी लाइन होती. रुग्णाला सेप्टिक शॉक होता, रक्तदाब ७४/४०, ऑक्सिजन मास्क लावूनही सॅच्युरेशन ८४. नॉरअ‍ॅड्रिनलिन हे रक्तदाब चढवणारं औषध हाताच्या बारीक शिरेतून चाललेलं, म्हणजे लाइन लवकर हवी होती. सोनोग्राफी मशीन दुसऱ्या वॉर्डात गेलेलं. सर म्हणाले, "खुणांवरून टाक, मी उभा आहे."

खुणा मला पाठ होत्या. मानेतला स्टर्नोक्लाइडोमास्टॉइड स्नायू खाली दोन पायांत फुटतो. ते दोन पाय आणि कॉलरबोन यांच्यामध्ये एक त्रिकोण पडतो. त्याच्या वरच्या टोकापाशी सुई घालायची आणि त्याच बाजूच्या स्तनाग्राकडे रोखायची. उजवी बाजू निवडायची, कारण तिथून शीर जवळजवळ सरळ हृदयाकडे उतरते. डावीकडे वाट तिरपी, फुफ्फुसाचं टोक बहुधा थोडं उंच, आणि लसिका वाहून आणणारी थोरॅसिक डक्ट तिथेच शिरांच्या सांध्यात येऊन मिळते. काम करायला जागा हवी म्हणून मी रुग्णाचं डोकं डावीकडे वळवलं. अगदी कान गादीला टेकेपर्यंत.

रक्त आलं. काळपट, संथ, उसळी नाही. जिच्यावरून लाइन आत सरकवतात ती तार, गाइडवायर, मी उचलली. सर म्हणाले, "थांब. नळी लाव."

त्या क्षणी मला हा वेळकाढूपणा वाटला. सिरिंज काढून सुईला ५० सेंटिमीटरची निर्जंतुक नळी जोडली, खाली धरून रक्तानं भरू दिली आणि मग उभी धरली. रक्त शिरेतलं असतं तर स्तंभ खाली उतरून साधारण १०-१५ सेंटिमीटरवर श्वासाबरोबर हलत राहिला असता. तो उतरला नाही. नळीच्या वरच्या तोंडातून थेंब माझ्या ग्लोव्हवर पडायला लागले.

हिशेब सोपा आहे, पण मी तो नंतर केला. ७४/४० म्हणजे सरासरी दाब ५१ मिलिमीटर पारा, रक्ताच्या उंचीत साधारण ६५ सेंटिमीटर. कोसळलेल्या रक्तदाबातही धमनी ५० सेंटिमीटरची नळी ओतून देते. रंग आणि उसळी मात्र अशा रुग्णात दगा देतात: ऑक्सिजन कमी म्हणून रक्त काळं, दाब कमी म्हणून धार मंद. मी कॅरोटिडमध्ये, मानेतल्या मोठ्या धमनीत होते.

सुई बारीक होती, म्हणून निभावलं. ती काढून दहा मिनिटं बोटांनी दाबून धरलं. (हे आधीच सांगायला हवं होतं: भोक रुंद करणारा डायलेटर किंवा कॅथेटर धमनीत गेलाच, तर तो ओढून काढायचा नाही. तिथेच ठेवून रक्तवाहिन्यांच्या सर्जनला बोलवायचं. मानेतलं मोठं भोक बोटांनी भरवशानं बंद होत नाही.) तोवर मशीन आलं, सरांनी प्रोब ठेवला आणि काही न बोलता रुग्णाचं डोकं हळूहळू सरळ करत आणलं.

स्क्रीनवर दोन गोल होते. डोकं पूर्ण वळलेलं असताना शीर धमनीच्या बरोबर वर बसली होती, खालच्या गोलावर चपटी टोपी ठेवावी तशी. मान मध्याच्या जवळ येत गेली तसा वरचा गोल बाहेरच्या बाजूला सरकला आणि दोन्ही शेजारी झाले. शीर ओळखायची खूण म्हणजे प्रोब किंचित दाबला की ती मिटते, धमनी गोलच राहते. मी पुस्तकातल्या चित्रावर विश्वास ठेवला होता, तिथे शीर बाहेर आणि धमनी आत असते. ते खरंही आहे, पण मान फार न वळवलेल्या माणसात. ४५ अंशांच्या पुढे वळवली की शीर धमनीवर चढत जाते. त्यात या रुग्णाची शीर रिकामी. सुईच्या टोकाखाली ती दबली, पुढची आणि मागची भिंत एकदमच भेदली गेली, मध्ये रक्त आलंच नाही आणि मागे धमनी उभी होती. म्हणूनच सुई मागे घेतानाही सिरिंजचा दट्ट्या ओढत राहायचा. अनेकदा शीर परतीच्या वाटेवर सापडते.

डोकं ३० अंशांवर ठेवून, पलंग डोक्याकडून १५ अंश खाली करून सरांनी लाइन टाकली. मला सही मिळाली नाही. "अगं, तू शिरेचं चित्र पाठ केलंयस, मान नाही. त्रिकोणाच्या पातळीवरचा आडवा छेद काढून आण. मग पाचवी लाइन, मग सही."

पहिलं चित्र त्यांनी बघितलं आणि विचारलं, "मान कुठे वळवलीय?" ते मी लिहिलंच नव्हतं. दुसऱ्यात शीर-धमनीच्या मध्ये, किंचित मागे, व्हेगस नर्व्ह नव्हती. तिसऱ्यात सगळं होतं, पण सुईचा कोन नव्हता. "खोल आणि खाली गेलीस तर कुठे लागेल?" फुफ्फुसाच्या टोकाला. ते कॉलरबोनच्या आतल्या तिसऱ्या भागावर अडीच-तीन सेंटिमीटर वर येतं. सुई सहा-सात सेंटिमीटर लांब आणि शीर बहुतेकदा दीड-दोन सेंटिमीटरवर, तेव्हा उरलेल्या लांबीचा मोह नको. प्रत्येक चित्रामागे एक आठवडा गेला, कारण सर फक्त गुरुवारी भेटत. मी जाम वैतागले होते.

सबक्लेव्हियनच्या पाच सह्या त्याआधीच झालेल्या, पण हे चित्र काढतानाच तिची भीती कळली. तिथे शीर पहिल्या बरगडीवरून स्केलीनस अँटिरियर स्नायूच्या पुढून जाते आणि धमनी त्याच स्नायूच्या मागून. मध्ये फ्रेनिक नर्व्ह, खाली लगेच प्लुरा, फुफ्फुसाचं आवरण. सुई छातीला जवळजवळ समांतर, कॉलरबोनच्या खालून घासत, मानेखालच्या खोबणीकडे न्यायची. ती उभी केली की न्यूमोथोरॅक्स, म्हणजे छातीत हवा शिरून फुफ्फुस बसतं. धमनी लागलीच तर कॉलरबोनच्या आड असल्यामुळे बोटांनी दाबता येत नाही, म्हणून रक्त न गोठणाऱ्या रुग्णात ही जागा मी टाळते. आणि एका बाजूला जमलं नाही तर एक्स-रे पाहिल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात घालत नाही. दोन्हीकडची फुफ्फुसं बसली तर काय, हा प्रश्न सरांनी मला एकदाच विचारला होता.

चौथं चित्र चाललं. पाचवी लाइन प्रोब धरून टाकली, तार शिरेतच असल्याचं आडव्या आणि उभ्या दोन्ही छेदांत दाखवलं, मगच डायलेटर हातात घेतला. सही झाली. चित्र परत मिळालं तेव्हा त्यात, कॅरोटिडच्या मागे, लाल पेनानं एक छोटा गोल वाढवलेला होता. व्हर्टिब्रल आर्टरी. ती मी चारही वेळा विसरले होते.