302 की 304: आप्पांच्या खटल्यात मी काय पाहिलं

माझे धाकटे चुलते, आप्पा, 2019 च्या पावसाळ्यात गेले. मारणारा भाऊबंदातलाच, माझ्याच वयाचा. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात भाताच्या खाचरातलं पाणी एकाच्या बांधावरून दुसऱ्याकडे उतरतं, आणि भांडणं त्या पाण्यावरूनच होतात. काकीला मूलबाळ नाही, त्यामुळे बेळगावच्या सत्र न्यायालयातली सगळी धावपळ माझ्याकडे आली. कागद कन्नडमध्ये, ते एका शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायचो.

पोलिसांनी आधी भारतीय दंड संहितेचं 307, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लावलं होतं, आप्पा गेल्यावर 302, म्हणजे खून, झालं. आरोपपत्रही 302 चंच. गावात दोनच मतं होती. आमची माणसं म्हणायची, माणूस मेला म्हणजे खूनच. त्यांची माणसं म्हणायची, जीव घ्यायचा त्याच्या मनात नव्हता, मग खून कसला? कोर्टात बसल्यावर कळलं की कायदा दोघांनाही धरून चालत नाही.

झालं ते असं. सकाळी आप्पांनी बांधाचं तोंड मातीनं बुजवलं. तो आला, शिवीगाळ झाली. त्याच्या हातात खोरं होतं, चिखल ओढायला आणलेलं. आप्पा पुन्हा तोंड बुजवू लागले, तेव्हा त्यानं खोरं फिरवलं. पात्याची धार नव्हे, पाठ लागली, डाव्या कानाच्या वर. एकच घाव. आप्पा उठून आपल्या पायांनी घरी आले, काकीकडे चहा मागितला, बोललेही. दुपारनंतर उलट्या सुरू झाल्या, शुद्ध गेली. बेळगावच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी गेले. शवविच्छेदनात कानाच्या वरचं हाड फुटलेलं आणि कवटी नि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साकळलेलं निघालं. घरापर्यंत चालत आले म्हणून मार किरकोळ होता, असं आरोपीचे वकील पहिल्यांदा मांडू पाहत होते. डॉक्टरांनी तो मुद्दा तिथंच निकालात काढला: अशा रक्तस्रावात माणूस काही तास बरा दिसतो आणि मग कोसळतो.

त्यांच्या वकिलांनी डॉक्टरांना आणखी एक विचारलं. वेळेत शस्त्रक्रिया झाली असती तर जगले असते का? डॉक्टर म्हणाले, शक्य होतं. माझ्या पोटात गोळा आला. आमचे सरकारी वकील बाहेर आल्यावर शांतपणे म्हणाले, "त्याचं काही नाही. उपचारानं वाचला असता, तरी मृत्यू त्या इजेमुळेच झाला असं कायदा धरतो. 299, सदोष मनुष्यवधाचं कलम, त्याखालचं स्पष्टीकरण आहे ते." तसंच झालं, निकालात तो बचाव टिकला नाही.

खरी लढाई दुसरीकडे होती. कलम 300 मध्ये खुनाचे चार प्रकार सांगितलेत. पहिला सगळ्यांना कळतो, जीव घेण्याचाच उद्देश. पण तिसऱ्यात जीव घेण्याचा उद्देश लागतच नाही. आरोपीला ती विशिष्ट इजा करायची होती, आणि ती इजा निसर्गाच्या सर्वसाधारण क्रमानुसार मृत्यू घडवायला पुरेशी होती, एवढं पुरे. सर्वोच्च न्यायालयानं 1958 च्या विरसा सिंग खटल्यात हे सोडवून सांगितलंय. इजा कुठे आणि कशी झाली, ती आरोपीला करायचीच होती का की चुकून झाली, हे आधी सिद्ध करायचं. ती पुरेशी होती का, हे पुढे वस्तुनिष्ठपणे पाहायचं, आरोपीला ते माहीत होतं का हा प्रश्नच नाही. म्हणजे "मारायचं मनात नव्हतं" हे गावातलं वाक्य 302 ला थोपवत नाही. "तिथं मारायचं मनात नव्हतं" हे मात्र थोपवू शकतं.

"पुरेशी" हा भाग शवविच्छेदनाच्या कागदावर दरवेळी नसतो. बऱ्याचदा तिथं फक्त मृत्यूचं कारण असतं. सरकारी वकिलांनी डॉक्टरांना साक्षीत थेट विचारून ते मत नोंदवून घेतलं. ज्यांच्या घरी असा खटला चालू आहे त्यांनी आपल्या वकिलांना हे आधीच विचारावं. साक्ष संपल्यावर डॉक्टरला परत बोलवायचं म्हणजे अर्ज आणि कोर्टाची परवानगी.

मग शेजारच्या शेतातल्या साक्षीदाराची पाळी आली. सरतपासात त्यानं घाव पाहिल्याचं सांगितलं. उलटतपासात मात्र म्हणाला, खोरं खांद्याच्या रोखानं आलं होतं, आप्पा त्याच क्षणी तोंड बुजवायला वाकले आणि घाव डोक्याला बसला. पोलिसांपुढच्या जबाबात वाकण्याचा उल्लेख नव्हता. पण पंचनाम्याच्या नकाशात आप्पांच्या पायाजवळच बुजवलेलं तोंड दाखवलेलं, तेव्हा वाकणं अशक्यही नव्हतं. सरकारी वकिलांनी साक्षीदाराला फितूर ठरवायला मागितलं नाही. मला राग आला होता, अजून आहे.

त्या एका वाकण्यानं खटला फिरला. इजा पुरेशी होती, पण ती, तिथं, करायचीच होती हे संशयापलीकडे सिद्ध नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. घाव एकच, खोरं कामासाठी हातात असलेलं, धार वापरलेली नाही, आधीचं वैर नाही. पण लोखंडी खोरं माणसाच्या वरच्या अंगावर जोरात फिरवलं तर त्यात जीव जाऊ शकतो, हे कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असतं. उद्देश नाही, जाणीव आहे. म्हणून खून नव्हे, सदोष मनुष्यवध: 304 चा दुसरा भाग, सात वर्षं आणि दंड.

मी विचारलं, जाणीव तर 300 च्या चौथ्या प्रकारातही आहे, मग तो का नाही? वकील म्हणाले, "तिथली जाणीव फार वरच्या पायरीची. गर्दीत गोळीबार करण्यासारखी, कोणीतरी मरणारच, आणि धोका पत्करायला कारणही नाही. इथली जाणीव 'मरण्याचा संभव आहे' एवढीच." 304 चा पहिला भाग उद्देशाचा: खून ठरला असता पण अचानक भांडणासारखा अपवाद लागू झाला, तर तो. जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. दुसरा भाग नुसत्या जाणिवेचा, त्यात जन्मठेप नाही. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचा 1876 चा गोविंदाचा खटलाही सांगितला. नवऱ्यानं बायकोला खाली पाडून तोंडावर ठोसे मारले, मेंदूत रक्त साकळून ती गेली, तरी न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी तो खून नव्हे असं ठरवलं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच, मी मनात म्हटलं, आपल्याच बाजूचं उदाहरण आपल्याच अंगावर आलं.

काकीला घरी समजावताना मी कलमं बाजूला ठेवली. "काकी, कोर्ट म्हणतंय त्यानं खांद्यावर मारलं, ते डोक्यावर बसलं." ती म्हणाली, "मग खांद्यावर तरी कशाला मारायचं?" त्याला उत्तर नव्हतं. खरं तर त्या एका वाक्यात 304 चा दुसरा भाग आला.

शिक्षा कमी वाटली एवढ्यावर आम्हाला अपील करता येत नाही, ते सरकारनं करायचं. पण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 372 खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 413 खाली, आरोपीला कमी गुन्ह्यात दोषी धरलं तर पीडिताच्या वारसाला स्वतः जाता येतं. 302 ऐवजी 304 हे त्यातच बसतं. काकीच्या नावानं धारवाडच्या खंडपीठात अपील दाखल केलंय. मुख्य मुद्दा एकच: वाकल्याचं साक्षीदारानं पोलिसांना सांगितलेलं नाही, मग कोर्टात पहिल्यांदाच आलेल्या त्या वाक्यावर किती भरवसा ठेवायचा. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते, तिथं खून 101, शिक्षा 103, आणि सदोष मनुष्यवधाची शिक्षा 105. आमचा गुन्हा 2019 चा, म्हणून जुनीच कलमं. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.